‘सदर’ या एका शब्दाचे साडेआठ लाख

जून संपत आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टाजवळच्या माझ्या ऑफिसात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून तिची बीएस्सी झाली होती आणि नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. खर्च एक धर्मादाय संस्था करणार होती. पिशवीत अकरा पानांचा करारनामा होता. त्यावर आठ दिवसांत सही करून पाठवायची होती. “मॅडम, फक्त नोटरी करून पाह्यजे,” वडील म्हणाले. मी विचारलं, वाचला का? मुलगी म्हणाली, “वाचला. परत येऊन तीन वर्षं काम करायचं आहे, नाहीतर पैसे परत.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अकरा पानांतलं जे महत्त्वाचं होतं ते त्या एका वाक्यात मावत नव्हतं. दोघांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नावं सांगत नाही आणि हिशोब समजायला सोपा जावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

संस्था एकूण ३६ लाख देणार होती, दर सहा महिन्यांनी नऊ लाख, असे चार हप्ते. फी विद्यापीठाला, राहण्या-खाण्याचे पैसे मुलीच्या खात्यात. शिक्षण संपल्यावर दोन महिन्यांत भारतात परत यायचं आणि विदर्भात शेतीशी संबंधित, ‘संस्थेने मान्य केलेलं’ काम ३६ महिने करायचं. हाच बंधकाल. वडील आणि मामा जामीनदार.

सालदाराची उचल आणि ही उचल

वडिलांना बंधकाल समजायला वेळ लागला नाही. तरुणपणी त्यांनी चार वर्षं सालदारकी केली होती. आपल्याकडे गुढीपाडव्याला साल ठरतं, सालदार आधी उचल घेतो आणि वर्षभर राबून ती फेडतो. “म्हणजे उचलच न मॅडम? साल मोडलं त जेवढे महिने राबलो तेवढे कटते, बाकीचे वापस.”

मुलीनेही मनात हाच हिशोब धरला होता. ३६ लाख, ३६ महिने, म्हणजे महिन्याला एक लाख. तीस महिने काम करून सोडलं तर सहा लाख परत. ती हे इतक्या सहज म्हणाली की मला वाईट वाटलं, कारण करारात तसं लिहिलेलंच नव्हतं. मी नववं कलम तिच्यापुढे ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं:

“लाभार्थीने अभ्यासक्रम अथवा सेवाकाल कोणत्याही कारणाने अपूर्ण सोडल्यास, पूर्ण झालेल्या प्रत्येक सेवावर्षामागे वितरित रकमेचा एक तृतीयांश भाग माफ धरून उर्वरित रक्कम, व सदर रकमेवर वितरणाच्या दिनांकापासून द.सा.द.शे. ९ दराने सरळ व्याज, मागणीपासून ६० दिवसांत एकरकमी परत करणे लाभार्थी व जामीनदार यांच्यावर संयुक्तपणे व वेगवेगळे बंधनकारक राहील.”

वाचून झाल्यावर ती म्हणाली, “एक तृतीयांश माफ, म्हणजे तेच झालं ना?”

तेच नव्हतं. माफी महिन्यामागे कमी होत जाणारी नव्हती, पूर्ण वर्षामागे होती. अकरा महिने काम करून सोडलं तर माफी शून्य. तेवीस महिन्यांनी सोडलं तरी एकाच वर्षाची. तीस महिन्यांनी सोडलं तर दोन वर्षांचे २४ लाख माफ होतात आणि १२ लाख राहतात. वरचे सहा महिने राबलेले हिशोबात येतच नाहीत. सालदाराची उचल दर महिन्याला कटते. ही उचल वर्ष भरेपर्यंत एक रुपयानेही कटत नाही.

बाँडची रक्कम कधी विचारायची असेल तर ‘किती?’ असं विचारून उत्तर मिळत नाही. ‘कोणत्या तारखेला सोडलं तर किती?’ असंच विचारावं लागतं. म्हणून मी तिला एक कोरा कागद दिला, त्यावर आडवी रेघ मारायला लावली आणि रेघेवर महिने लिहायला सांगितले. शून्याव्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात हप्ते. चोविसाव्यात शिक्षण संपतं, सव्विसाव्यात काम सुरू होतं, बासष्टाव्यात बंधकाल संपतो. मग त्या रेघेवर तीन ठिकाणी फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीचा हिशोब तिच्याच हाताने करून घेतला.

पहिली फुली बाराव्या महिन्यावर, तिसरा हप्ता येण्याआधी. समजा पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडलं. तोवर १८ लाख आले. पहिल्या नऊ लाखांवर वर्षभराचं व्याज ८१ हजार, दुसऱ्यावर सहा महिन्यांचं साडेचाळीस हजार. एकूण १९ लाख साडेएकवीस हजार.

दुसरी फुली सव्विसाव्या महिन्यावर. शिक्षण पूर्ण केलं, पण परत आलीच नाही. ३६ लाख मुद्दल. चार हप्त्यांची वयं २६, २०, १४ आणि ८ महिने. नऊ लाखांवर वर्षाला ८१ हजार या हिशोबाने व्याज चार लाख एकोणसाठ हजार. एकूण ४० लाख एकोणसाठ हजार, साठ दिवसांत.

तिसरी फुली तिच्या मनातली, म्हणजे तीस महिने काम केल्यानंतरची. रेघेवर हा छप्पन्नावा महिना. इथे हात थांबला, कारण व्याज नेमकं कशावर लावायचं तेच कळेना.

“सदर रकमेवर,” ती म्हणाली. “सदर म्हणजे कोणती?”

ज्या शब्दावर मी तिला आणू पाहत होते तिथे ती आपणहून पोचली. कलमात दोन रकमा आहेत, ‘वितरित रक्कम’ आणि ‘उर्वरित रक्कम’. ‘सदर’ हा शब्द दोघींकडे बोट दाखवू शकतो. आम्ही दोन्ही हिशोब केले. चार हप्त्यांची वयं आता ५६, ५०, ४४ आणि ३८ महिने. व्याज फक्त उरलेल्या १२ लाखांवर धरलं तर ४ लाख २३ हजार होतं, एकूण देणं १६ लाख २३ हजार. तेच व्याज मूळच्या ३६ लाखांवर धरलं तर १२ लाख ६९ हजार, आणि एकूण २४ लाख ६९ हजार. फरक ८ लाख ४६ हजारांचा.

ती सहा लाख धरून आली होती. वडील तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. “एका शब्दाचे साडेआठ लाख,” एवढंच बोलले.

संस्थेने हे मुद्दाम केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. असे मसुदे जुन्या मसुद्यांवरून उतरवले जातात आणि ‘सदर’ हा कोर्टकचेरीतला सवयीचा शब्द आहे. पण भांडण होतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही, कागद बोलतो.

‘कोणत्याही कारणाने’

याच कलमातले हे दोन शब्द मी तिला दोनदा वाचायला लावले. आजारी पडून परत यावं लागलं, व्हिसा रद्द झाला, नापास झाली, विद्यापीठाने अभ्यासक्रमच बंद केला, सगळं ‘कोणत्याही कारणाने’मध्ये बसतं. मधेच सोडणं म्हणजे आपण सोडणं, असं मुलं धरून चालतात. करारात सुटणं आणि सोडणं यात फरक नव्हता.

नेदरलँड्सच्या बाबतीत हे जास्त नेमकं सांगावं लागतं. तिथे वर्षाला ६० क्रेडिट असतात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला निवास परवाना टिकवायला दर वर्षी किमान निम्मे, म्हणजे ३० मिळवावे लागतात. कमी पडले आणि आजारपणासारखं मान्य होण्याजोगं कारण नसलं, तर विद्यापीठाला ते तिथल्या इमिग्रेशन खात्याला कळवावं लागतं आणि परवाना जाऊ शकतो. म्हणजे पहिलं वर्ष जड गेलं तर तिने न सोडताही शिक्षण सुटू शकतं. आणि मग पहिली फुली लागू: १९ लाख साडेएकवीस हजार, वडिलांच्या दारात, साठ दिवसांत. “तिसाच्या खाली जायचं नाही,” ती स्वतःशीच म्हणाली आणि रेघेवर बाराव्या महिन्याजवळ ३० लिहिलं.

करार अशक्य झाला तर तो संपतो, असं भारतीय करार कायद्याचं ५६वं कलम सांगतं. विद्यार्थी कुठेतरी ऐकून त्यावर भिस्त ठेवतात. पण करारातच ‘कोणत्याही कारणाने’ लिहून धोका कोणी उचलायचा हे आधी ठरवून ठेवलं असेल, तर त्या कलमाचा आधार फार तोकडा पडतो. म्हणून अपवाद करारातच लिहून घ्यावे लागतात.

“ही वेठबिगारी नाही का?”

हिशोब पाहून ती थोडी चिडली होती आणि तिने हे सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता, त्यामुळे उत्तरही मी नीट दिलं.

काम सोडलंस तर संस्था तुला ओढून कामावर बसवू शकत नाही. माणसाच्या वैयक्तिक सेवेचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही. संस्था मागू शकते ते पैसे. पैशांच्या बाबतीत करार कायद्याचं ७४वं कलम आहे. करारात आकडा लिहिलेला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. त्यामुळे ‘बाँड म्हणजे कागदाचा तुकडा, कोर्टात टिकत नाही’ असं गावात कोणी ना कोणी सांगतंच.

तिला मी हे ऐकू नको म्हणून बजावलं. तुझ्या प्रकरणात संस्था दंड मागत नाहीये, तुझ्यावर खरोखर खर्च केलेले पैसे मागते आहे. फीच्या पावत्या आणि बँकेचे व्यवहार तिच्याकडे असतील. हा खर्च वाजवी नाही असं म्हणायला फारशी जागा नाही. वाद घालायला जागा आहे ती जास्तीच्या भागात: राबलेले सहा महिने न मोजणं किंवा माफ झालेल्या मुद्दलावर व्याज लावणं. आणि काम बांधून घेणारा बाँड बेकायदेशीरच असतो हेही खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. कोर्टात जाऊन सुटू, या भरवशावर सही करायची नाही. जे बदलायचं ते सहीच्या आधी.

जामीन म्हणजे साक्षीदार नव्हे

यानंतर मी मुलीला बाहेर चहा घ्यायला पाठवलं आणि वडिलांशी एकटीने बोलले. मुलीसमोर बाप काही विचारत नाही. तिचं जाणं अडेल अशी भीती असते.

“मले वाटलं जामीन म्हणजे गवाहासारखं. सही मारायची,” ते म्हणाले.

साक्षीदार फक्त सही पाहतो. जामीनदार कर्जदाराच्या जागी उभा राहतो. ‘संयुक्तपणे व वेगवेगळे’ याचा अर्थ तिघांनी मिळून द्यायचे, आणि एकेकट्याकडूनही सगळे मागता येतात. करार कायद्याच्या १२८व्या कलमाप्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी मुलीवर दावा लावा, तिच्याकडून नाही वसूल झाले तर माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. मुलगी परदेशात असेल तर संस्था आधी कोणाकडे येईल, हे मला सांगावं लागलं नाही.

त्यांना खरं लागलं ते बाराव्या कलमातलं एक वाक्य. करार संपेपर्यंत जामीनदार आपल्या स्थावर मालमत्तेवर कोणताही बोजा चढवणार नाही. बासष्ट महिने, म्हणजे पाच खरीप. त्यांचं पाच एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. दर वर्षी बँकेचं पीककर्ज घ्यायचं आणि त्याचा बोजा सातबाऱ्यावर चढायचा. हे वाक्य तसंच राहिलं असतं तर पहिल्याच जूनमध्ये बियाण्याला पैसे घेताना करार मोडला असता, नाहीतर सावकाराकडे जावं लागलं असतं. शहरात बसून मसुदा करणाऱ्याला पीककर्जाचा बोजा डोळ्यांसमोर येत नाही. आपल्या भागातल्या प्रत्येक जामीनदाराने हे वाक्य शोधावंच.

संस्थेला काय लिहिलं आणि काय मिळालं

त्याच संध्याकाळी तिने माझ्यासमोर बसून संस्थेला ईमेल लिहिला. वकिलाची नोटीस नको, असं माझं मत होतं. संस्था मदत करते आहे आणि मुलीने स्वतः नम्रपणे विचारलेलं जास्त चालतं. प्रत्येक मागणीबरोबर तिने बदललेलं वाक्यच लिहून दिलं. ‘कृपया विचार व्हावा’ एवढंच लिहिलं की उत्तरही तसंच मोघम येतं.

चार दिवसांनी फोनवर बोलणं झालं. माफी महिन्यामागे धरायला संस्था लगेच तयार झाली: पूर्ण झालेल्या प्रत्येक महिन्याला छत्तिसावा भाग. ‘सदर’ काढून ‘उर्वरित रकमेवर’ लिहिलं गेलं. व्याजाच्या तारखेवर ओढाताण झाली. शेवटी, परत येऊन काम सुरू केलेल्या विद्यार्थ्याला व्याज काम सोडल्याच्या तारखेपासून, आणि जो परत येतच नाही त्याला पूर्वीसारखंच हप्त्याच्या तारखेपासून, असं ठरलं. हे मला न्याय्य वाटलं. दोघांना एकाच मापाने मोजायचं कारण नव्हतं.

गंभीर आजार आणि तिची चूक नसताना व्हिसा जाणं यासाठी अपवाद मिळाला. त्यात व्याज नाही आणि परतफेड चोवीस हप्त्यांत. नापास होण्यासाठी अपवाद मिळाला नाही. पीककर्जाचा बोजा चालेल, असं बाराव्या कलमात आलं. मामांना जामिनातून मोकळं करायला संस्था तयार नव्हती, पण त्यांची जबाबदारी नऊ लाखांपर्यंत बांधून दिली.

एक मुद्दा माझ्याही नजरेतून आधी सुटला होता, तो मुलीने काढला. ‘संस्थेने मान्य केलेलं काम’ मिळालंच नाही तर? परत येऊन ती चार महिने मान्यतेची वाट पाहत बसली तर ते महिने मोजणार का? मसुद्यात यावर काहीच नव्हतं. तिने पाठवलेल्या कामाच्या प्रस्तावावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मान्य समजावा आणि काम सुरू केल्याच्या दिवसापासून महिने मोजावेत, असं वाक्य घातलं गेलं. ही अट नसती तर घड्याळ सुरू करायची किल्ली एकट्या संस्थेच्या हातात राहिली असती.

एका गोष्टीवर मार्ग निघाला नाही. नेदरलँड्समध्ये पदवी घेतल्यावर तीन वर्षांच्या आत अर्ज केला तर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो. बंधकाल पूर्ण करून मग तो घेईन, असं तिच्या मनात होतं. रेघेवर पाहिलं तर पदवी चोविसाव्या महिन्यात, तिथून तीन वर्षं म्हणजे साठावा महिना. बंधकाल बासष्टाव्यात संपतो. दोन महिन्यांनी हुकतं. दोन महिन्यांची ती मुभा न वापरता लगेच परतून काम सुरू केलं तरी दोन्ही तारखा एकाच जागी येतात, हातात काही उरत नाही. शेवटचे तीन महिने सोडून द्या, अशी विनंती तिने केली, ती नाकारली गेली. आता नवीन हिशोबाने तीन महिने आधी सोडलं तर तीन लाख भरावे लागतील. “तेव्हा पाहीन,” ती म्हणाली. “पण तीन लाख हे माहीत आहे मला.”

सहीचा दिवस

सुधारलेला करार आला त्या दिवशी मी तो उलटा टेबलावर ठेवला आणि तिला म्हटलं, आता तू मला समजाव, मी तुझी आई आहे असं समज. तीस महिन्यांनी सोडलं तर किती? “सहा लाख, आणि सोडल्या दिवसापासून व्याज.” परत आलीच नाही तर? “चाळीस लाख एकोणसाठ हजार. आणि ते आधी बाबाकडे येतील.” जामिनाचं सांगताना ती अडखळली, नऊ लाखांची मर्यादा वडिलांनाही आहे असं म्हणाली. वडिलांनीच दुरुस्त केलं, “मले नाही बेटा, मामाले.” मग मी पाचशेचा स्टॅम्प पुढे केला.

संस्थेने एकच मूळ प्रत मागवली होती. आम्ही दोन केल्या, दोन्हीच्या प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या. एक कुरिअरने गेली. दुसरी वडिलांनी सातबारा ठेवायच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि तीन फुल्यांचा तो रेघेचा कागद घडी करून तिच्या पहिल्या पानात ठेवला. त्यातल्या तिसऱ्या फुलीजवळचे दोन्ही जुने आकडे खोडून मुलीने पेनाने ६ लाख लिहिलं होतं.